रिकाम्या लिफ्टचं वजन

मी आयुष्यभर शाळेत गणित आणि विज्ञान शिकवलं. निवृत्त झालो आणि अमरावतीतल्या आमच्या सोळा फ्लॅटच्या इमारतीनं मला सचिव करून टाकलं. दुसरं कोणी तयार नव्हतं एवढंच माझं कर्तृत्व. पण खुर्ची मिळाली की माणसाला वाटतं आपल्यात काही तरी आहेच. मलाही वाटलं.

इमारतीचं काम म्हणजे गळका नळ, वरच्या टाकीचं पाणी, आणि लिफ्ट. लिफ्टचं मीटर वेगळं आहे. तळमजल्यावर जिन्याखाली ते बसवलेलं आहे. येता-जाता मी त्याच्याकडे बघायचो. दिवसाला साडेसहा युनिटच्या आसपास वीज जात होती. इतरांना ती वीज कधी दिसली नसती, मला दिसली. एकदा दिसल्यावर मला चैन पडेना. एखादी मुलगी वही विसरली म्हणून तिसऱ्या मजल्यावर जाते, वही घेते, खाली येते. एक पेपर आणायला एक माणूस चौथ्या मजल्यावरून उतरतो. एका माणसासाठी ते सगळं लोखंडी धूड हलायचं हे मला बघवत नसे.

मी चांदूर रेल्वेच्या शाळेत होतो तेव्हा बरीच वर्षं काळीपिवळीनं जाणं-येणं केलं. काळीपिवळी म्हणजे आमच्याकडची भाड्याची जीप. सवारी भरल्याशिवाय ती हलत नाही. ड्रायव्हर बाहेर उभा राहून ओरडतो, आतले लोक घामाघूम होतात, शिव्या देतात, तरी शेवटची सवारी बसेपर्यंत किल्ली फिरत नाही. मीही तेव्हा शिव्या दिल्या होत्या. पण त्यातला हिशेब मला पटलेला होता. गाडी हलवायचीच आहे तर भरून हलवा. हा हिशेब माझ्या हाडात इतका मुरला होता की लिफ्टही मला एक उभी काळीपिवळीच वाटली.

मग मी कागद घेतला. लिफ्टच्या आत पाटी आहे, सहा माणसं, चारशे आठ किलो. रिकामा पाळणा, म्हणजे माणसं उभी राहतात तो डबा, किती वजनाचा ते मी लिफ्टच्या मेकॅनिकला फोन करून विचारलं. तो अकोल्याचा. महिन्यातून एकदा येऊन तेल-पाणी बघून जातो. तो म्हणाला, ‘असन सहाशे किलो, सर.’ का विचारतो आहे ते त्यानं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. माझं सगळं पुढचं पाप या एका न सांगण्यात आहे.

साठ किलोचा माणूस, सहाशे किलोचा पाळणा. सहाशे साठ किलो बारा मीटर वर. गुणाकार केला, युनिटमध्ये आणला, मोटरीत आणि गिअरमध्ये निम्मं वाया जातं असं धरून दुप्पट केलं. एका फेरीला युनिटच्या शंभर भागांतले चार. उतरताना लिफ्ट आपोआपच उतरते, तिथे शून्य. दिवसाला ती दीडशे वेळा वर जाते असं धरलं, तर सहा युनिट. आणि मीटर काय सांगत होतं? साडेसहा! मी खुर्चीतून उठलोच. उत्तर जुळलं की रीत बरोबर, असं मी कुठल्या मुलाला कधी म्हणू दिलं नव्हतं. उलट पायऱ्या लिहिल्या नाहीत म्हणून किती जणांचे गुण कापले असतील. स्वतःच्या बाबतीत मात्र उत्तर जुळलं तेवढ्यावर मी खूश झालो.

सभेत मी तो कागद वाचून दाखवला. अकरा भाग वजन हलतं, त्यातला एकच भाग माणूस, बाकी दहा भाग नुसतं लोखंड, असं फळ्यावर लिहून दाखवावं तसं सांगितलं. लोक माना डोलावत होते. समजलं म्हणून नव्हे, चहा गार होत होता म्हणून. ठराव झाला. चार सवाऱ्या झाल्याशिवाय लिफ्ट वापरायची नाही. आजारी माणसाला सूट द्यावी का, असं कोणी तरी हळूच म्हटलं. मी म्हणालो, ‘सूट देली की मंग सगळ्यायचेच गुडघे दुखतीन.’ लोक हसले. मीही हसलो. 

चौथ्या मजल्यावर एक काकू राहतात. पंच्याहत्तरीच्या. त्यांचं घर मूळचं शेंदूरजनाघाटाकडचं. संत्र्याच्या बागेला लागून झेंडू आणि शेवंतीचं रान. ऐन हंगामात त्या बाजारात स्वतः तागडी धरून फुलं विकायच्या. आता जमीन भाऊबंदांत गेली, नवरा गेला, आणि मुलगा-सून दोघंही नोकरीवर, म्हणून त्या इथे. दोन्ही गुडघे कामातून गेलेले. डॉक्टरांनी जिन्याचं नाव काढू नका म्हणून सांगितलेलं. पण रोज सकाळी साडेसहाला त्या लिफ्टनं खाली यायच्या. फाटकाशी सिमेंटचा ओटा आहे, तिथे बसायच्या. फुलवाला स्कूटरवर फुलांचं गाठोडं घेऊन येई, त्यांच्या परडीत ओतून देई. आठ वाजेपर्यंत त्या हार करून ठेवत. तो परत येई, हार उचलून दुकानाला नेई. त्यातून त्यांना मिळे ते थोडंच. घराला त्याची गरजही नव्हती. त्या म्हणायच्या, ‘हात चालून राहिले न सर, तं माणूस चालून राहते.’ येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यांच्याशी दोन शब्द बोले. दिवसभर त्यांच्याशी बोलणारं घरात कोणी नसे.

लिफ्टच्या दाराशी या ठरावाची पाटी लावली तेव्हा काकूंचा विचार माझ्या डोक्यात आला नाही असं मी म्हणणार नाही. आला होता. मला वाटलं, सकाळी शाळा-कॉलेजची गडबड असते, त्यांना सोबत मिळेल. साडेसहाला कसली गडबड? साडेसहाला या इमारतीत दूधवालासुद्धा आलेला नसतो. पण मी तपासलं नाही.

तीन आठवडे झाले. मी रोज मीटर वाचत होतो आणि रोज चिडत होतो. साडेसहा युनिटचे पावणेसहा झाले होते. बस. माझ्या हिशेबानं ते दोनवर यायला हवे होते. कोणी तरी चोरून एकटं जातंय, अशी माझी खात्री झाली. मी दुपारी जिन्यात खुर्ची टाकून बसलो. बायको म्हणाली, ‘आता रात्रीचा गुरखाही तुमीच व्हा.’ मग म्हणाली, ‘चोरून जाणारे जातीनच. न चोरता जाणारी माणसं मात्र बसली घरात. त्या काकू दिसल्या काय तुमाले एवढ्यात?’

मी म्हणालो, असतील कुठे गावाला.

‘गावाले नाई, घरातच हायेत. पयले दोन-तीन दिवस जिन्यानं उतरल्या. एक-एक पायरी, कठडा धरून. गुडघा हा एवढा सुजला. तवापासून दार लावून बसल्या. सून म्हणत होती, जेवणावरून मन उडालं त्यायचं.’

मला राग आला. आपल्यावर बोट आलं की मला आधी रागच येतो, बाकीचं नंतर. मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा. ती आत निघून गेली. पण ते ‘दार लावून बसल्या’ माझ्या कानातून जाईना. माझ्या नियमानं इमारतीचं भलं होत असतं तर एका काकूंचं दुःख मी पोटात घातलं असतं कदाचित. पण भलंही होत नव्हतं. मीटर हटून बसलं होतं. कुठे तरी पायरी चुकली होती.

महिन्याच्या फेरीला मेकॅनिक अकोल्याहून आला. चाळिशीच्या आतबाहेरचा, खांद्याला हत्यारांची पिशवी. फाटकातून आत आला, पाटी वाचली आणि मोठ्यानं हसला. ‘हे काय, सर? काळीपिवळी हाये काय हे? सवारी भरली की सोडा!’

मी त्याला माझा कागद दाखवला. त्यानं तो शेवटपर्यंत नीट वाचला. मग विचारलं, ‘ह्याच्यात वजन कुठी हाये?’

‘हे काय, सहाशे साठ.’

‘थे नाई. दुसरं वजन. तिकडचं.’

मला काही कळलं नाही. तो म्हणाला, चला वर. गच्चीवर लिफ्टची खोली आहे. सचिव होऊन दोन वर्षं झाली होती, पण तिथे मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. आत एक मोटर, तिच्याशी जोडलेला गिअर, एक मोठं चाक, चाकाच्या खाचांतून गेलेले लोखंडी दोर, भिंतीवर कंट्रोलची पेटी. मोटर पाहून मी म्हणालो, एवढीशीच?

‘पाच हॉर्सपॉवर. आता तुमीच सांगा सर, तुमी गणिताचे. सहाशेचा पाळणा, चारशेचे माणसं, झाले हजार किलो. सेकंदाले धरा पाऊण मीटरच्या थोडं खाली. किती लागन?’

मी तोंडी केलं. हजार किलो, दर सेकंदाला दोन-तृतीयांश मीटर. साडेसहा हजार वॅटच्या वर. म्हणजे नऊ हॉर्सपॉवर, तेही काहीच वाया गेलं नाही तर. वाया जाणारं धरलं तर पंधरा-अठरा. समोर मोटर पाचची. पितळी पट्टीवर स्पष्ट लिहिलेलं होतं. माझं गणित बरोबर असतं तर ही लिफ्ट भरल्यावर जागची हललीच नसती. हा आकडा माझ्या डोक्यावर गच्चीत इतकी वर्षं होता आणि मी खाली मीटरशी भांडत बसलो होतो.

‘दोराच्या एका टोकाले पाळणा,’ तो म्हणाला, ‘दुसऱ्या टोकाले वजन. पाळण्याएवढं, अन् वरून माणसायच्या अर्धं. आठशे किलो भरते. मोटर हजार किलो कवाच नाई उचलत. दोन्हीत जो फरक हाये न, तेवढाच उचलते. सगळ्यात जास्त फरक किती? दोनशे.’

दोनशे किलोला दोन हॉर्सपॉवरही लागत नाहीत. घर्षण, गिअर आणि सुरुवातीचा झटका धरला तरी पाच भरपूर.

‘पण रिकामा पाळणा...’ मी म्हणालो आणि थांबलो.

‘रिकामा पाळणा हलका पडते, सर. दाखवतो.’

त्यानं रिकामी लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर आणून उभी केली, दारं बंद आहेत याची खात्री केली आणि मेन स्विच पाडला. मोटर मेली. मग मोटरीवरच्या ब्रेकचा दांडा हातात धरून म्हणाला, ‘ब्रेक सोडला तं पाळणा कुठी जाईन?’

‘खाली. अन् कुठे?’ मी म्हणालो, आणि खरं सांगतो, दोन पावलं मागे सरकलो.

त्यानं दांडा हळूच दाबला. दोर सरकायला लागले. मोठं चाक आपसूक फिरायला लागलं. फटीतून खाली पाहिलं तर पाळण्याचं छत आमच्याकडे वर येत होतं. वीज नाही, मोटर नाही, आणि ते सहाशे किलोचं धूड शांतपणे वर चढत होतं. त्यानं दांडा सोडला, ते जागच्या जागी थांबलं. त्यानं परत दाबला. परत वर. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. मला एकदम आनंद झाला, शाळेतल्या प्रयोगशाळेत व्हायचा तसा, आणि त्याच्या मागोमाग माझा कागद आठवला.

मग मेन चालू करून त्यानं पेटीत येणाऱ्या तारेला वीज मोजायचं चिमट्याचं मीटर लावलं. रिकामी लिफ्ट वर गेली, काटा जेमतेम हलला. पेटीच्या डोक्यावर एक जाळीचा डबा होता, त्याच्याजवळ हात न्यायला सांगितलं. गरम लागत होता. वजन खाली येताना मोटरीलाच फिरवतं, आणि तयार झालेली वीज त्या डब्यात उष्णता होऊन संपते. मग रिकामी लिफ्ट खाली आली, काटा चढला. म्हणजे उतरण्याला शून्य धरलं होतं तेही उलटंच. हलकी लिफ्ट उतरते तेव्हा मोटर तिकडचं वजन वर ओढत असते. तिघं आत असतील तर दोन्हीकडे जवळजवळ सारखं होतं आणि मोटरीला फक्त घर्षण निस्तरावं लागतं.

‘मग एकटं माणूस उतरलं तर?’ मी विचारलं. मला एकच माणूस दिसत होतं.

त्यानं पाटीवर बोटानं आकडे काढावेत तसं हवेत लिहिलं. आठशे वजा सहाशे साठ, एकशे चाळीस. बारा मीटर. पुढचं मीच केलं. वाया जाणारं धरूनही युनिटचा शंभरावा भाग. काकूंनी शंभर वेळा एकट्यानं उतरावं तेव्हा एक युनिट. एक कप चहा विजेच्या किटलीत ठेवला तरी याच्यापेक्षा जास्त जाते.

‘मग साडेसहा युनिट जातात कुठे?’

तो मला लिफ्टमध्ये घेऊन गेला आणि वर बोट दाखवलं. दोन जुन्या ट्यूब आणि एक पंखा. दिवसाचे चोवीस तास, आत माणूस असो नसो. ‘हे अन् वरची पेटी. फेऱ्यायच्या दुप्पट हेच खाऊन राहिले. टायमर लावून देतो, ट्यूब बदलून देतो. माणसायले काहून त्रास देऊन राहिले?’

ट्यूब आणि पंखा मिळून दिवसाला तीन युनिट. तीनशे वेळा काकू खाली उतरल्या असत्या. एका दिवसाच्या रिकाम्या पंख्यात त्यांचं जवळजवळ वर्षभराचं सकाळी उतरणं बसत होतं, आणि मी त्यांचं उतरणं बंद केलं होतं.

पाटी मी स्वतः काढली.  मग चौथ्या मजल्यावर गेलो. काकूंनी दार उघडलं. तोंड बारीक झालं होतं. मी दारातच सांगून टाकलं की माझं चुकलं, लिफ्टला दुसऱ्या बाजूला वजन असतं, एकट्यानं गेलं तरी काही बिघडत नाही. मी समजावून सांगत होतो. मास्तरकी जाता जात नाही.

त्या म्हणाल्या, ‘मले ठाव हाये, सर.’

‘काय ठाव हाये?’

‘पयले दोन-तीन दिवस जिन्यानं उतरायच्या आधी किती येळ त्या जाळीच्या दारापाशी उभी राहो मी, कोणी सोबतीले येते का म्हणून. लिफ्ट खाली गेली की मांगून थे काळं वजन वर येये. लिफ्ट वर आली की थे खाली जाये. तागडीच हाये थे. जलमभर तागडी धरली म्या, मले नाई समजन? तिकडच्या पारड्यात आधीच टाकून ठेवलं हाये. माया एकटीचं असं कितीसं वजन?’

‘मंग सांगतलं काहून नाई तुमी?’

‘कागदावर आकडे लिवून आणले होते तुमी. अन् मले कोणी इचारलं?’

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. मला लाज वाटली, सरळ लाज. पस्तीस वर्षं मी मुलांना सांगत आलो की आधी बघा, मग आकडे मांडा. त्या बाईंनी दुखऱ्या गुडघ्यावर उभं राहून बघितलं होतं. मी बघितलं नव्हतं.

मी म्हणालो, उद्या सकाळपासून या खाली, फुलवाल्याला मी स्वतः सांगतो.

‘तो आता दुसरीकडं देते. रेल्वे लायनीपलीकडं एक जण भेटली त्याले. त्याले तरी रोजचे हार पायजेतच न. किती दिवस थांबन?’

मी त्या फुलवाल्याला नंतर गाठलं. तो चांगला माणूस, हात जोडून म्हणाला की त्या बाईच्या घरी दोन लेकरं आहेत, आता तिचं काम कसं काढू?  तिचं काढून काकूंना द्या, असं कोणत्या तोंडानं म्हणणार?

दुसऱ्या दिवशी साडेसहाला मी चौथ्या मजल्यावर जाऊन उभा राहिलो, त्यांना खाली न्यायला. त्या आल्या. मी जाळीचं दार सरकवलं आणि त्यांच्या मागून आत पाऊल टाकणार तोच त्यांनी हात आडवा केला.

‘तुमी नका येऊ, सर. मले एकटीलेच जायचं हाये.’

दार त्यांनीच ओढलं, बटण त्यांनीच दाबलं. मी जिन्यानं उतरलो. फाटकाशी पोहोचलो तेव्हा त्या ओट्यावर बसल्या होत्या, नेहमीच्या जागी, रस्त्याकडे तोंड करून. मांडीवर काही नव्हतं.